कागदावर कापड, नफा टॉवरचा

माझ्या भावोजींचे चार लाख नव्वद हजार रुपये एका जुन्या गिरणी कंपनीच्या शेअरमध्ये गेले, आणि आज त्यांची किंमत दोन लाख सदतीस हजारांच्या आसपास आहे. शेअर पडतात हे भावोजींनाही माहीत आहे. बेस्टमधून निवृत्त झाल्यापासून ते थोडे थोडे शेअर घेतात आणि तोटा झाला तर गप्प बसतात. पण इथे त्यांना एका धंद्याचा शेअर दुसऱ्याच धंद्याच्या मापाने मोजून विकला गेला. मी एका सीएच्या ऑफिसात ऑडिटचं काम करतो. कागद माझ्याकडे आले तेव्हा भाव बराच उतरला होता. मग आम्ही दोघांनी बसून हा प्रकार मुळापासून तपासला. लालबाग-परळच्या माणसाला गिरणीचं नाव परकं वाटत नाही, आणि त्याचाच फायदा घेतला जातो, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

दादरच्या एका सल्लागाराने मे महिन्यात, कंपन्यांचे वार्षिक निकाल येतात त्या सुमारास, भावोजींना हा शेअर सुचवला. त्याचं गणित ऐकायला सरळ होतं. कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा १३२ कोटी, शेअर ३ कोटी, म्हणजे एका शेअरमागे ४४ रुपये कमाई. बाजारभाव २२०. भावाला कमाईने भागलं की पीई आला ५. त्याने मोबाइलवर एका वेबसाइटचं पान उघडून दाखवलं. तिथे ही कंपनी 'टेक्स्टाइल' या गटात होती आणि गटातल्या बाकीच्या सूत आणि टॉवेल बनवणाऱ्या कंपन्यांचा पीई २०च्या घरात होता. "काका, बाजाराचं लक्ष नाहीये अजून. गटाच्या बरोबरीला आला तरी ८८० होतो," असं तो म्हणाला. भावोजींनी कंपनी खरंच कापडाची आहे ना, असं विचारलं. तेव्हा त्याने कंपनीचा सीआयएन नंबर दाखवला आणि त्यातले १७ हे आकडे म्हणजे सरकारदरबारी कापड उद्योग, असं सांगितलं.

हे खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. सीआयएन हा कंपनीचा एकवीस अक्षर-आकड्यांचा नोंदणी क्रमांक. पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगतं, पुढचे पाच आकडे उद्योगाचे, मग राज्य, स्थापनेचं वर्ष, कंपनीचा प्रकार आणि शेवटी नोंदणीचा अनुक्रमांक. उद्योगाचे आकडे कंपनीने कधीकाळी सांगितलेल्या धंद्यावरून पडतात आणि धंदा सरकला म्हणून आपोआप सरकत नाहीत. लोअर परळचा फिनिक्स मॉल सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कंपनीचा क्रमांक L17100MH1905PLC000200 असा आहे. १९०५ची गिरणी, म्हणून १७. कंपनीचं नावही अजून फिनिक्स मिल्स आहे आणि धंदा मॉलचा. त्यात लपवाछपवी काही नाही, ती मॉलची कंपनी आहे हे बाजाराला पुरतं माहीत आहे. वरळीच्या सेंच्युरीने मात्र २०२४मध्ये सेंच्युरी टेक्स्टाइल्स हे नाव बदलून आदित्य बिर्ला रिअल इस्टेट असं केलं. (गंमत म्हणजे उद्योगांच्या २००८च्या सरकारी यादीत १७ हा क्रमांक कागद उद्योगाचा आहे. कापड १३वर आणि स्थावर मालमत्ता ६८वर गेली. म्हणजे नव्या यादीने वाचलं तर आमची ही कंपनी वह्या बनवते!)

तेव्हा सीआयएनवरून कंपनी आज काय करते ते कळत नाही. ते कळतं तिमाही निकालांसोबत येणाऱ्या सेगमेंटच्या तक्त्यावरून. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि एकापेक्षा जास्त धंदे असलेल्या कंपनीला प्रत्येक धंद्याची विक्री, नफा, मालमत्ता आणि देणी वेगळी दाखवावी लागतात. हा तक्ता निकालाच्या पीडीएफमध्येच असतो आणि बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर फुकट मिळतो.

इथेच लबाडी हाती लागली. सल्लागाराने भावोजींना व्हॉट्सअॅपवर निकालाची पानं पाठवली होती. खाली छापलेले पानांचे क्रमांक मी पाहिले तर ३ नंतर एकदम ५. बीएसईवरून पूर्ण फाइल काढली तेव्हा चौथ्या पानावर सेगमेंटचा तक्ता निघाला. वर्षभरात कापडाची विक्री ६८ कोटी आणि त्यात ७ कोटी तोटा. मालमत्ता विकासाची विक्री ५४० कोटी आणि त्यात २०५ कोटी नफा. व्याजाचे २२ कोटी आणि करांचे ४४ कोटी वजा केले की उरले ते १३२ कोटी. म्हणजे ज्या नफ्यावर 'स्वस्त कापड कंपनी' उभी केली, त्यात कापडाचा एक रुपयाही नव्हता.

खर्चाच्या बाजूलाही खुणा होत्याच. चालू गिरणी म्हटली की कापूस किंवा सूत लागतं, आणि वीजबिल मोठं येतं. या कंपनीचा कच्च्या मालाचा खर्च नगण्य, वीज-इंधन जेमतेम एक कोटी, आणि 'विक्रीसाठी घेतलेला तयार माल' ५५ कोटी. साचे बंदच होते. बाहेरून तयार कापड घ्यायचं, आपला शिक्का मारायचा आणि विकायचं. ताळेबंदात माल या सदराखाली गाठी-ताग्यांपेक्षा कितीतरी मोठी रक्कम बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाची होती. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर मात्र रंगीत धाग्यांची रिळं!

आता समजा, नफा टॉवरचा असला तर बिघडलं कुठे? पैसे ते पैसेच. भावोजींनीही हेच विचारलं. बिघडतं ते नफ्याच्या वेळेत. सूत विकणाऱ्याचा नफा वर खाली होतो, पण दर तिमाहीला काहीतरी विकलं जातं, त्यामुळे एका वर्षाच्या कमाईवरून पुढच्याचा अंदाज बांधता येतो. बिल्डरचं तसं नसतं. फ्लॅटवाल्यांकडून चार-पाच वर्षं हप्ते येत राहतात, पण करारांचं स्वरूप तसं असेल तर हिशेबात ते पैसे विक्री म्हणून धरले जात नाहीत, देणं म्हणून पडून राहतात. टॉवरला ओसी, म्हणजे राहायला परवानगी देणारा दाखला, मिळून ताबा देण्याची वेळ आली की सगळी विक्री एकदम नोंदवली जाते. काही कंपन्या बांधकामाच्या प्रगतीप्रमाणेही नोंदवतात, म्हणून हिशेबाच्या धोरणांची टीप वाचावी लागते. आमच्या कंपनीच्या टिपेत ओसीचा उल्लेख स्पष्ट होता.

तिमाही आकडे शेजारी शेजारी मांडले तेव्हा चित्र उघडं पडलं. पहिल्या तिमाहीत २ कोटी तोटा, दुसरीत ३, तिसरीत २, आणि मार्चच्या तिमाहीत १३९ कोटी नफा. एका टॉवरची अनेक वर्षांची कमाई तीन महिन्यांत उतरली होती. त्याला ३ कोटी शेअरने भागून ४४ रुपये काढायचे आणि दरवर्षी ४४ मिळतील असं धरून २०ने गुणायचं, हे म्हणजे आजोबांनी घर विकलं त्या वर्षीचं त्यांचं उत्पन्न पगार समजण्यासारखं आहे.

पुढचा टॉवर कधी, हे महारेराच्या साइटवर प्रकल्पाच्या पानावर पाहता येतं. पूर्ण होण्याची प्रस्तावित तारीख आणि किती सदनिकांची नोंदणी झाली ते तिथे दिसतं. या कंपनीचा दुसरा टॉवर महारेरात नोंदलेलाच नव्हता. नोंदणीशिवाय जाहिरात किंवा विक्री करता येत नाही, म्हणजे पुढची मोठी नोंद काही वर्षं तरी येणार नव्हती.

सगळ्यात घातक भाग यानंतरचा. वेबसाइटवरचा पीई मागच्या चार तिमाहींच्या बेरजेवर चालतो. त्यामुळे मार्चची ती मोठी तिमाही त्या चारांत असेपर्यंत, म्हणजे जवळजवळ वर्षभर, कमाई ४४च्या आसपासच दिसत राहते. दरम्यान भाव पडू लागला. १६० झाला तेव्हा पीई साडेतीनच्या थोडा वर, म्हणजे शेअर आणखी 'स्वस्त'! सल्लागाराचा फोन आला, "काका, अॅव्हरेज करा." भावोजींनी आधी २२०ला दीड हजार शेअर घेतले होते, त्यात १६०चे हजार घातले. पुढच्या मे महिन्यात नवा मार्च आत आला, जुना बाहेर गेला, आणि वर्षाचा हिशेब ९ कोटी तोट्याचा झाला. पीईच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. भाव ९५. त्या दिवसापासून सल्लागार फोन उचलत नाही.

अशा कंपनीला काहीच किंमत नसते असं नाही. १९८२चा संप आणि त्यानंतरची वर्षं पाहिलेल्या कुणालाही माहीत आहे की गिरण्यांच्या जमिनीला काय मोल आलं. पण ते मोल काढायची रीत वेगळी. किती जमीन उरली, त्यावर किती बांधता येईल, कुठल्या परवानग्या हातात आहेत आणि कर्ज किती, हे पाहावं लागतं. या सगळ्याबद्दल सल्लागार एक अक्षर बोलला नव्हता. बोलला असता तर भावोजींनी पहिला प्रश्न दुसऱ्या टॉवरचा विचारला असता, आणि त्याचं ८८० तिथेच संपलं असतं.

त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर 'नोंदणीकृत' असं छापलं होतं आणि खाली एक क्रमांक. तो होता ARN, म्हणजे म्युच्युअल फंड विकण्याची नोंदणी. शेअरचा सल्ला पैसे घेऊन देणाऱ्याला सेबीची वेगळी नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक INA ने सुरू होतो, रिसर्च अॅनालिस्टचा INH ने, आणि दोन्ही सेबीच्या साइटवर नावानिशी तपासता येतात. तो दोन्हीत नव्हता. तरी 'सल्ला फी' म्हणून त्याने यूपीआयने पैसे घेतले होते.

आम्ही सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर आणि पोलिसांकडे अशा दोन्ही ठिकाणी तक्रार केली आहे. भाव पडल्याची तक्रार कुणी ऐकणार नाही हे माहीत असल्याने तिचा उल्लेखच केला नाही. नोंदणी नसताना फी घेतली आणि महत्त्वाचं पान काढून निकाल पाठवला, हे दोनच मुद्दे लिहिले. सोबत यूपीआयची पावती, कार्डाचा फोटो, व्हॉट्सअॅपवरची मूळ फाइल आणि बीएसईवरची पूर्ण फाइल जोडली. ताईने रागाच्या भरात ते व्हॉट्सअॅपचं संभाषण पुसून टाकायला घेतलं होतं, वेळेवर थांबवलं.