फोटोवरून फ्रिज ओळखताना: डायरेक्ट कूल की फ्रॉस्ट फ्री?

आधी फ्रीझरचा फोटो मोठा करून बघा. फ्रॉस्ट फ्रीमध्ये थंड कॉइल पडद्याआड असते आणि पंखा हवा फिरवतो, म्हणून फ्रीझरच्या मागच्या भिंतीवर हवेच्या फटी दिसतातच. डायरेक्ट कूलमध्ये फ्रीझरच्या भिंतीच थंड होतात. फटी नसतात, भिंतींना बर्फाचा थर चढतो. एकदारी असेल तर थर्मोस्टॅटच्या मध्यभागी बर्फ वितळवायचं बटणही बहुधा सापडतं.

एका फोटोत दोन दारं होती, मागची बाजू सपाट. मी फ्रॉस्ट फ्री म्हणणारच होतो, पण फ्रीझरला एकही फट नव्हती, कडेला बोटभर बर्फ. डायरेक्ट कूलच! बाहेरची जाळी दोन्ही प्रकारांत बाजूंच्या पत्र्याआड लपवता येते, त्यामुळे सपाट पाठीवर विसंबू नका.