ऑफिसात सायलेंट, घराबाहेर वाय-फाय बंद: सात महिन्यांनंतर

फोनवर ऑटोमेशन अॅप टाकून दोन नियम लावले होते. घरचं वाय-फाय सुटलं की वाय-फाय बंद, आणि ऑफिसचं वाय-फाय जोडलं गेलं की सायलेंट. दोन्ही वेगवेगळे तपासले तेव्हा चोख चालले. एकत्र लावल्यावर पहिल्याच दिवशी ऑफिसात फोन खणखणला. कारण समजल्यावर माझंच हसू आलं: घरातून निघताना पहिला नियम वाय-फाय बंद करणार, मग ऑफिसचं वाय-फाय जोडलं जाणार तरी कसं?

म्हणून ऑफिससाठी लोकेशन लावलं, नकाशावर ५० मीटरचं वर्तुळ काढून. इथे दुसरा घोळ. इमारतीच्या आत जीपीएस नीट लागत नाही, त्यामुळे फोन आसपासची वाय-फाय नेटवर्कं आणि मोबाइल टॉवर यांवरून अंदाज बांधतो. वाय-फाय बंद असलं की तो अंदाज आणखी सैल होतो. मी खुर्चीवरून हललो नव्हतो, पण फोनच्या हिशेबात वर्तुळाबाहेर गेलो, सायलेंट निघालं आणि ऐन मीटिंगमध्ये रिंग वाजली. दोन बदलांनी हे जवळपास थांबलं: वर्तुळ १५० मीटरचं केलं, आणि लोकेशनच्या सेटिंगमधलं वाय-फाय स्कॅनिंग चालू केलं. ते चालू असलं की वाय-फाय बंद असतानाही फोन आसपासची नेटवर्कं हुडकू शकतो. सायलेंट लागायला अजूनही दोन-तीन मिनिटं लागतात. लिफ्टमध्ये कॉल आला तर वाजतोच.

घरच्या नियमानं वेगळाच त्रास दिला. राउटर रीस्टार्ट झाला तरी फोनला वाटायचं की मी बाहेर पडलो. मग 'तीन मिनिटं थांब, तरीही जोडलेलं नसेल तरच बंद कर' अशी अट घातली. रीस्टार्टपुरतं भागलं. पण एकदा वीज गेली ती तासाभरानं आली. वाय-फाय बंदच राहिलं, आणि मी सोफ्यावर बसून रात्री उशिरापर्यंत मोबाइल डेटावर व्हिडिओ पाहत राहिलो. डेटा संपल्याचा मेसेज आला तेव्हा कळलं. त्यानंतर 'घराच्या वर्तुळाबाहेर असेन तरच' ही दुसरी अट आली.

अँड्रॉइड १० पासून नव्या अॅपना वाय-फाय थेट चालू-बंद करता येत नाही. माझ्या अॅपला त्यासाठी वेगळं मदतनीस अॅप टाकावं लागलं. शिवाय बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून दोन्ही वगळली नाहीत, तर एखाद्या सकाळी काहीच घडत नाही.

बॅटरीत म्हणावा असा फरक मला दिसला नाही, स्कॅनिंग चालूच असल्यावर दिसणार तरी कुठून! गेल्या महिन्यात वाय-फायचा नियम काढून टाकला. सायलेंटचा ठेवलाय, सोबत एक जास्तीचा: संध्याकाळी सातला, कुठेही असलो तरी, रिंग चालू. तो नव्हता तेव्हा ऑफिसातून निघाल्याचं फोनला दोनदा कळलंच नव्हतं, आणि घरच्यांचे कॉल रात्री जेवताना दिसले होते.