दुधी फिल्म, शेडनेट आणि नवी बेल: खारीचं भुंकणं किती कमी झालं?

आमची खारी गावठी, अंगाने मध्यम आणि आवाजाने दुप्पट. फ्लॅट पहिल्या मजल्यावर, हॉलच्या खिडकीखाली सोसायटीचं गेट. सकाळी दूधवाला, पेपरवाला, शाळेची मुलं, मग दिवसभर पार्सलवाले. खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येकावर भुंकायचं आणि बेल वाजली की दाराशी जाऊन आणखी जोरात, असा तिचा दिनक्रम होता. गेल्या दिवाळीनंतर मी तीन वस्तू आणल्या: काचेवर लावायची फिल्म, गॅलरीच्या ग्रिलसाठी शेडनेट आणि वायरलेस बेल. आता एक उन्हाळा आणि जवळजवळ अख्खा पावसाळा त्यांनी पाहिला आहे, म्हणून लिहिते.

आधी खिडकी. रस्त्याने जाणारा माणूस कुत्रा भुंकला तरी पुढे जातो आणि नाही भुंकला तरी जातोच. पण खारीच्या हिशेबात तो तिच्या भुंकण्यामुळे गेलेला असतो. दिवसातून शंभर माणसं ‘पळवून लावणाऱ्या’ कुत्रीला ‘गप्प’ म्हणून ओरडण्याचा काय उपयोग? उलट आपण ओरडलो की घरातलं माणूसही सोबतीला भुंकतंय असं तिला वाटत असावं. त्यामुळे शिकवण्याआधी दिसणंच बंद करावं लागतं.

दुकानदाराने पहिल्यांदा चकचकीत फिल्म पुढे केली. “मॅडम, वन-वे घ्या, बाहेरून आतलं काही दिसत नाही.” बरोबर आहे, पण आतून बाहेरचं दिवसा सगळं दिसतं, आणि कुत्रा आत बसतो! या कामाला दुधी फिल्मच हवी. त्यातही मी गोंद नसलेली, नुसती पाण्यावर चिकटणारी घेतली, कारण घर भाड्याचं आहे. काच पुसून त्यावर शाम्पूचे दोन थेंब टाकलेलं पाणी भरपूर फवारायचं, फिल्म ठेवायची आणि जुन्या एटीएम कार्डाला फडकं गुंडाळून मधून कडेकडे पाणी ओढायचं. ही फक्त गुळगुळीत काचेवर बसते, नक्षीच्या काचेवर नाही.

उंची ठरवताना कुत्रा चारी पायांवर उभा असतानाची धरू नका. पुढचे पाय चौकटीवर टेकवले की डोळे जिथे येतात, त्याच्या वीतभर वरपर्यंत फिल्म हवी. आमचा दिवाण खिडकीला लागून होता, तो आधी समोरच्या भिंतीला नेला. स्लायडिंग खिडकीला दोन्ही काचा झाकाव्या लागतात. शिवाय उघडी ठेवली तर जाळीतून दिसतंच, म्हणून आता वाऱ्यासाठी मागच्या बाजूची खिडकी उघडतो. तिथे फक्त आंब्याचं झाड आहे आणि खारीला तिथे तासन्‌तास बसायची मुभा आहे. बाहेर बघायला काहीच ठेवलं नाही तर कुत्रा कंटाळतो आणि मग सोफा कुरतडतो.

फिल्मचा परिणाम त्याच आठवड्यात दिसला. खिडकीवरचं भुंकणं जवळपास संपलं. उरली ती कबुतरं. लांबचा माणूस दुधी काचेतून दिसत नाही, पण एसीच्या डब्यावर बसलेल्या कबुतराची सावली स्पष्ट दिसते. आवाजावर तर फिल्मचा काहीच इलाज नाही. भंगारवाल्याची आरोळी आली की खारी उत्तर देतेच. मे महिन्यातल्या उन्हात पश्चिमेच्या काचेवरच्या फिल्मचे कोपरे सुटले, ते काढून ओल्या फडक्याने पुन्हा बसवले.

शेडनेटबद्दल थोडक्यात. पन्नास टक्केवाली घेऊ नका. सावलीतून उजेडाकडे पाहिलं की तिच्यातून गेट छान दिसतं. नव्वद टक्केवाली बऱ्यापैकी अडवते. ती प्रत्येक गजाला प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधावी लागते. सैल राहिली तर वाऱ्याने फडफडते, आणि खारी त्या फडफडीवरही भुंकते. जूनमधल्या पहिल्या वादळी पावसात आम्ही ते ऐकलं. गॅलरीचं दार मी तरीही ती एकटी असताना बंदच ठेवते.

आता बेल, आणि यात खरं शिकण्यासारखं आहे. जुन्या बेलचा ‘टिंग-टाँग’ खारीच्या डोक्यात वर्षानुवर्षं ‘परका आला’ या अर्थाने पक्का बसला होता. तो अर्थ पुसण्यापेक्षा तिने कधीच न ऐकलेला सूर घेऊन त्याला नवा अर्थ देणं सोपं जातं. वायरलेस बेलमध्ये पुष्कळ सूर असतात आणि आवाज कमी-जास्त करता येतो. मुख्य म्हणजे बटण हातात घेऊन आपण घरातच वाजवू शकतो. वरच्या काकूंकडे नसलेला सूर मी मुद्दाम निवडला, नाहीतर त्यांच्याकडचे पाहुणेही आमच्या खात्यात आले असते. जुनी बेल त्याच दिवशी काढून टाकली.

पहिले काही दिवस बटण दाराबाहेर लावलंच नाही, दारावर ‘कडी वाजवा’ अशी चिठ्ठी होती. आवाज सगळ्यात कमी ठेवून बटण खिशातून दाबायचं, आणि सूर वाजल्यानंतर लगेच हॉलच्या लांबच्या कोपऱ्यातल्या तिच्या चटईवर उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे चार-पाच तुकडे टाकायचे. एका बैठकीत पाच-सहा वेळा, बस. क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी डबा उघडल्याचा आवाज झाला तर कुत्रा डब्याकडे लक्ष देतो आणि सूर वाया जातो, म्हणून चिकन आधीच हातात हवं. जमलंय हे कसं कळतं? सूर वाजल्यावर ती दाराकडे न बघता तुमच्याकडे किंवा चटईकडे बघते. ते दिसल्याशिवाय आवाज वाढवायचा नाही. भुंकली तर आवाज एक पायरी खाली.

मग सासूबाई बाहेर जाऊन बटण दाबायच्या आणि आत न येता निघून जायच्या. त्यानंतर दार उघडणं, त्यानंतर त्या आत येणं, आणि शेवटी खारीच्या ओळखीची एक मैत्रीण. ही शेवटची पायरी सगळ्यात लांबली. खरा पार्सलवाला घाईत दोनदा बेल दाबतो, हा प्रकार सरावात नव्हता. तोही मग वेगळा करून घ्यावा लागला.

मध्येच एक गंमत झाली. बेल वाजायच्या आधीच खारी भुंकू लागली. आमची लिफ्ट जुनी, मजल्यावर थांबून जाळी उघडी राहिली की ‘कृपया दरवाजा बंद करें’ म्हणते, आणि त्यानंतर बहुतेक वेळा आमची बेल वाजते. तिने एक पाऊल मागचं चिन्ह पकडलं होतं. मग तेच वाक्य फोनवर रेकॉर्ड करून चिकनचा तोच खेळ पुन्हा केला. तुमच्याकडे ते इंटरकॉम असेल किंवा जिन्यातल्या चपला.

काकूंनी भुंकलं की झटका देणारा पट्टा सुचवला होता. मी घेतला नाही. दारात माणूस दिसला आणि मानेला झटका बसला, तर कुत्रा झटक्याचा संबंध त्या माणसाशी जोडू शकतो, आणि भीती वाढलेला कुत्रा न भुंकता चावण्याची शक्यता असते.

सध्या बेल वाजली की खारी एकदा ‘वुफ’ करून चटईवर जाते. अनोळखी माणूस आत आला तर अजूनही दोन-तीनदा भुंकते, सोबत दुसरा कुत्रा असेल तर शेडनेट, फिल्म, चिकन काही चालत नाही. चिकन आता प्रत्येक वेळी देत नाही, पण पूर्ण बंदही केलेलं नाही. गणपतीत माणसांची वर्दळ वाढली तेव्हा चार दिवस पुन्हा प्रत्येक बेलला दिलं. फिल्म पुन्हा घेईन. शेडनेटऐवजी पुढच्या वर्षी बांबूची चिक लावायचा विचार आहे, फडफडत नाही म्हणून. बेलच्या बटणावर पावसाचे शिंतोडे येत असतील तर वर प्लास्टिकचं टोपण लावा, आमचं बटण जुलैमध्ये आपोआप वाजायला लागलं होतं आणि खारी दर वेळी इमानाने चटईवर जाऊन चिकन मागत होती.