'डिस्काउंट'च्या एकाच खात्यात माझे दीड लाख गेले

माझा सांगलीत वायर, स्विच, पंखे असा इलेक्ट्रिकल मालाचा घाऊक धंदा आहे. सहा वर्षं हिशेब लिहिणारा माणूस एकच होता, आणि आजूबाजूच्या गावांतली वसुलीही तोच करायचा. त्याने मला फसवलं. पण त्याला आडोसा मिळाला तो माझ्या वह्या लिहिण्याच्या पद्धतीमुळे. तुमच्याकडेही वह्या तशाच लिहिल्या जात असतील तर आजच बघा, म्हणून सगळं लिहितोय.

आमच्याकडे 'डिस्काउंट' नावाचं एकच खातं होतं. मालावर 20 टक्के ट्रेड डिस्काउंट देतो, तो त्यात. सात दिवसांत पैसे दिले तर 2 टक्के कॅश डिस्काउंट, तोही त्यातच. महिन्याला यादी-भावाने 12 लाखांची विक्री धरा, म्हणजे नुसता ट्रेड डिस्काउंटच 2 लाख 40 हजार. त्यात पाच-सहा हजार जास्तीचे पडले तर कुणाला दिसणार?

मिरजेच्या एका दुकानाचं बिल सांगतो. यादी-भाव 50,000, ट्रेड डिस्काउंट 10,000, राहिले 40,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 7,200, एकूण 47,200. बिल 5 जूनचं. दुकानदाराने 2 जुलैला पूर्ण 47,200 रोख दिले. सत्तावीस दिवस झाले होते, सवलतीचा प्रश्नच नव्हता. आमच्या वहीत मात्र रोख खाते नावे 46,400, डिस्काउंट नावे 800 आणि दुकानदाराचं खातं जमा 47,200. आठशे रुपये आमच्या हिशेब लिहिणाऱ्याच्या खिशात. दुकानदाराची बाकी शून्य, त्यामुळे तो कशाला विचारेल? मलाही उधारीच्या यादीत त्याचं नाव दिसत नव्हतं, म्हणून मीही निर्धास्त.

हे पचल्यावर तो विक्री परतीकडे वळला. गिऱ्हाइकाकडून पूर्ण पैसे घ्यायचे, आणि वहीत पाच कॉइल वायर परत आल्याची क्रेडिट नोट करायची: माल 5,000, जीएसटी 900, एकूण 5,900. तेवढी रोख स्वतःकडे. गोडाऊनची मोजणी चुकू नये म्हणून परत आलेला माल 'खराब' दाखवून स्टॉकमधून काढूनही टाकायचा. सुरुवातीला जीएसटी नंबर नसलेल्या वायरमन लोकांच्याच नावावर हे चाललं होतं. मग धीर चेपला, आणि तासगावच्या एका नोंदणीकृत दुकानाच्या नावावर त्याने तशीच नोट केली.

तिथे तो सापडला. आमच्या विक्रीच्या विवरणपत्रातली, म्हणजे GSTR-1 मधली, ती नोट त्या दुकानदाराच्या खरेदीवरच्या क्रेडिटच्या उताऱ्यात, म्हणजे GSTR-2B मध्ये उतरली. त्याचा फोन आला, "अण्णा, मी वायर कधी परत पाठवली? माझं 900 चं क्रेडिट कमी दिसतंय." मी फाईल काढली. परतीचं चलन नाही, मूळ बिलाचा नंबर नाही, गोडाऊनच्या पोराची सही नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

अकरा महिन्यांच्या नोंदी बिलं आणि पावत्या समोर घेऊन तपासल्या. खोटा कॅश डिस्काउंट 61,000 आणि खोटी परती 88,500 निघाली. परतीतला 13,500 रुपये जीएसटी आम्ही सरकारला कमी भरला होता, तो व्याजासकट भरावा लागला. या व्याजाचं दुःख मला जास्त झालं, कारण चोरी त्याची होती, पण विवरणपत्र माझ्या नावाचं होतं.

आता ट्रेड डिस्काउंट फक्त बिलावर दिसतो. वहीत विक्री 40,000 चीच पडते, त्या 10,000 चं खातंच नाही. 'कॅश डिस्काउंट' हे वेगळं खातं आहे आणि त्यात पैसे आल्याच्या दिवशीच नोंद होते. या सवलतीने आम्ही जीएसटी कमी करत नाही, 7,200 तेवढेच भरतो. महिनाअखेर मी स्वतः त्या खात्यातल्या प्रत्येक रकमेसमोर बिलाची तारीख आणि पैशाची तारीख लिहितो. खातं वेगळं झाल्यावर ते दोन पानांत मावतं, आणि सातपेक्षा जास्त दिवसांचा फरक लगेच डोळ्यात भरतो.

परतीला गोडाऊनची आवक वही आधी, क्रेडिट नोट नंतर. नोटेवर मूळ बिलाचा नंबर असतो आणि भाव बिलातला निव्वळ, यादीतला नाही. 1,250 च्या यादी-भावाची कॉइल आम्ही 1,000 ला विकली, तर परतही 1,000 लाच येते. खराब म्हणून बाजूला काढलेला माल मी डोळ्यांनी बघतो. पैसे आणणारा माणूस नोट करत नाही, ते काम आता माझी सून करते.

शिवाय दर तीन महिन्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला बिलवार उतारा जातो: कोणतं बिल, रोख किती मिळाली, सवलत किती, परती किती. नुसती बाकी कळवून उपयोग नव्हता, ती तर शून्यच होती. पहिला उतारा गेल्यावर मिरजेच्या त्या दुकानदाराने आठशेच्या आकड्याभोवती पेनने गोल करून कागद परत पाठवला होता.