जीएसटीची तफावत नोटीस: सल्लागाराचं ठरलेलं पत्र की आपला तीन ओळींचा तक्ता?

जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमधला कर जास्त आणि ३बी या कर भरायच्या रिटर्नमध्ये भरलेला कमी, एवढ्यावरून खुलासा मागणारी एएसएमटी-१० ची नोटीस आली की आपल्याकडे दोनच वाटा सांगतात. एक, सल्लागाराला पीडीएफ पाठवा, तो उत्तर टाकून देतो. दुसरी, रात्री दुकान लावल्यावर बिलं काढून बसा आणि स्वतः उत्तर लिहा. मी दोन्ही केल्या. पांढरकवडा भागात माझं कृषी केंद्र आहे, बियाणं, खत आणि फवारणीची औषधं. २०२१-२२ च्या नोटीसला सल्लागाराचं पत्र गेलं, २०२२-२३ च्या नोटीसला माझं.

तिसरी वाटही लोक सांगतात: “भरून मोकळं व्हा ना भाऊ, काऊन डोक्याला ताप घेऊन राहिले?” रक्कम हजार-दोन हजार असेल आणि चूक आपलीच असेल तर ठीक. पण न झालेल्या विक्रीवरचा कर डीआरसी-०३ या स्वतःहून भरायच्या फॉर्मनं भरायचा आणि नंतर तो परत मिळवायला फिरायचं, हे मला पटत नाही. म्हणून ती वाट इथे बाजूला ठेवतो.

सल्लागाराच्या बाजूनं आधी बोलतो. त्याच्याकडे पोर्टल रोज उघडं असतं. माझी पहिली नोटीस मला दिसलीच नव्हती, कारण ती Services > User Services > View Additional Notices/Orders मध्ये पडली होती आणि ईमेल पोराच्या जुन्या पत्त्यावर गेला होता. मुदत साधारण तीस दिवसांची असते, नोटीसमध्ये तारीख लिहिलेली असते आणि ती पाहणारं कोणीतरी लागतं. शिवाय मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रवाल्याला कागद शोधायला सवड कुठली? सल्लागारानं पत्र दोन दिवसांत टाकलं. चार पानांचं, निवाड्यांचे दाखले दिलेलं. माझं एक मिनिटही गेलं नाही.

माझं मन उडालं ते त्या पत्रातल्या एका ओळीवरून. “नोटीसमधील संपूर्ण तफावत करदात्यास अमान्य आहे.” ३९,६०० रुपयांची तफावत होती आणि तिच्यातले २,७०० खरोखर माझेच चुकले होते. पंधरा हजारांचं एक औषधाचं बिल ३बी करताना सुटलं होतं. सल्लागाराला ते माहीत नव्हतं, कारण त्यानं विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं, कारण मी बघितलं नव्हतं. चार पानांत एकही बिल नंबर नाही. उत्तर पटलं नाही की अधिकारी पुढे ऑडिटकडे किंवा मागणीकडे जाऊ शकतो. माझ्याकडे डीआरसी-०१ ही मागणीची नोटीस आली, मग सुनावणी, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत.

सुनावणीत अधिकारी मॅडम शांतपणे पत्राची पानं उलटत होत्या. म्हणाल्या, “हे सगळं ठीक आहे, पण यात बिल कुठे आहे?” मग मीच पिशवीतून बिलं काढली आणि ते पंधरा हजारांचं बिलही निघालं. सगळं अमान्य म्हणणाऱ्या पत्राखाली एक मान्य बिल. त्यानंतर माझी उरलेली खरी बिलंही त्या दोनदा तपासू लागल्या, आणि मला त्यांचा राग आला नाही. डीआरसी-०१ आल्यापासून तीस दिवसांच्या आत ते २,७०० आणि व्याज भरलं, म्हणून दंड वाचला. जिल्ह्याच्या चकरा मात्र तीन झाल्या.

पुढच्या वर्षी पुन्हा नोटीस आली. जीएसटीआर-१ प्रमाणे कर ६,१२,४००, ३बी प्रमाणे ५,५१,२००, तफावत ६१,२००. या वेळी ठरवलं की आधी तफावत फोडायची, मग लिहायचं. सॉफ्टवेअरमधून बाराही महिन्यांचा दोन्ही रिटर्नचा कर महिन्यामहिन्यानं समोरासमोर मांडला. नऊ महिने जुळले. तीनच महिने अडले, म्हणजे बिलंही त्याच तीन महिन्यांत शोधायची होती. वर्षाच्या एकूण आकड्याकडे बघत बसलो असतो तर आजही बसलो असतो.

| महिना | तफावत (कर) | कारण | माझं म्हणणं |
|---|---|---|---|
| ऑगस्ट २०२२ | २८,८०० | एकच बिल जीएसटीआर-१ मध्ये दोनदा | कर देय नाही |
| नोव्हेंबर २०२२ | १०,८०० | बिल ३बी मध्ये सुटलं | मान्य, भरला |
| मार्च २०२३ | २१,६०० | क्रेडिट नोट ३बी मध्ये वजा, जीएसटीआर-१ मध्ये नंतर | कर देय नाही |

ऑगस्टचं बिल शेजारच्या गावातल्या नोंदणीकृत दुकानदाराचं, औषध १,६०,००० चं, १८ टक्क्यांनी कर २८,८००. सुरुवातीला त्याचा जीएसटी नंबर न टाकता बिल बनलं आणि किरकोळ विक्रीच्या एकत्र रकमेत गेलं. नंबर टाकून दुरुस्त केल्यावर ते नोंदणीकृत ग्राहकाच्या यादीतही आलं, पण किरकोळमधून निघालं नाही. ३बी मात्र मी विक्रीच्या वहीवरून भरलं होतं, त्यामुळे तिथे एकदाच होतं. ही चूक मे २०२३ च्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्तीच्या तक्त्यात सुधारलेली होती. नोटीस २०२२-२३ चेच आकडे बघते, पुढच्या वर्षी केलेली दुरुस्ती तिला दिसत नाही. ते पान आपणच दाखवावं लागतं.

मार्चमध्ये १,२०,००० चा माल परत आला होता. क्रेडिट नोट निघाली, ३बी मधून वजा झाली आणि जीएसटीआर-१ मध्ये घालायची राहिली. ती जून २०२३ मध्ये दाखवली. इथे तारखेला महत्त्व आहे. क्रेडिट नोट वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच रिटर्नमध्ये दाखवता येते, तिच्यापुढे गेलो असतो तर हे म्हणणं लंगडं पडलं असतं. नुसती क्रेडिट नोट जोडून भागत नाही, ती कोणीही छापू शकतो. माल खरंच परत आला हे दाखवायला बिल्टी जोडली आणि साठा रजिस्टरचं पान जोडलं. औषधांचं साठा रजिस्टर आपण कृषी अधिकाऱ्याच्या तपासणीसाठी ठेवतोच, ते इकडेही कामाला येतं असं मला तोवर सुचलं नव्हतं. त्या दुकानदाराचं सहीशिक्क्याचं पत्रही घेतलं, की या नोटपुरतं क्रेडिट त्यानं उलटवलं आहे. या पत्रासाठी दोनदा त्याच्या दुकानात चहा प्यावा लागला.

नोव्हेंबरचं साठ हजारांचं बिल सुटलं होतं, तिथे सांगण्यासारखं काही नव्हतं. उत्तर टाकायच्या आधीच १०,८०० भरले, निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे, आणि १८ टक्क्यांनी दीड वर्षाचं व्याज साधारण २,९०० रोखीनं. डीआरसी-०३ चा एआरएन नंबर उत्तरात लिहिला.

एएसएमटी-११ मधलं उत्तर दीड पानाचं झालं, साध्या मराठीत. पहिल्या परिच्छेदात नोटीसचा क्रमांक, वर्ष आणि तफावतीची रक्कम, मग वरचा तक्ता, मग प्रत्येक ओळीखाली तीन-चार वाक्यं. त्यातलं एक तसंच देतो:

“ऑगस्ट २०२२: सदर बिलाची नोंद जीएसटीआर-१ मध्ये नोंदणीकृत ग्राहकाच्या यादीत व किरकोळ विक्रीच्या एकत्रित रकमेत अशी दोनदा झाली. विक्री एकच आहे. किरकोळची रक्कम मे २०२३ च्या जीएसटीआर-१ मध्ये कमी केली आहे. बिल, विक्री वहीचे पान व दुरुस्तीचे पान जोडपत्र १ मध्ये, पृष्ठ १ ते ४.”

निराधार, अन्यायकारक, नैसर्गिक न्याय हे शब्द त्यात नाहीत. ‘सॉफ्टवेअरची चूक’ हेही लिहिलं होतं, नंतर खोडलं. चूक सॉफ्टवेअरची की पोराची, यानं कर बदलत नाही.

कागदांचं एक सांगतो. पहिल्या वेळी सल्लागाराच्या पोरानं मोबाइलवर काढलेले फोटो आडवे-तिडवे एकाच फाइलमध्ये कोंबले होते. मी स्कॅन करायच्या आधी मूळ कागदावर कोपऱ्यात पेनानं पृष्ठ क्रमांक टाकले आणि तक्त्याच्या प्रत्येक ओळीची वेगळी फाइल केली. ओळ वाचली की कोणती फाइल उघडायची ते कळलं पाहिजे.

याला मला तीन रात्री आणि एक रविवार लागला, हे लपवत नाही. सुनावणीला बोलावलं नाही. एकदा फोन आला, दुकानदाराच्या पत्रावरची तारीख नीट दिसत नव्हती म्हणून. पुढे पोर्टलवर एएसएमटी-१२ आलं, कार्यवाही बंद. माझ्या एकट्याच्या अनुभवावरून सगळ्यांचं असंच होईल असं म्हणणं बरोबर नाही, अधिकारी वेगळा तर अनुभवही वेगळा असू शकतो.

सल्लागाराकडेच जावं अशा जागाही आहेत. प्रकरण डीआरसी-०१ पर्यंत पोहोचलं असेल, नोटीसमध्ये फसवणुकीचा किंवा माहिती दडवल्याचा शब्द असेल, किंवा वाद आकड्याचा नसून कराच्या दराचा असेल, तर घरचा तक्ता पुरत नाही. उलट डीआरसी-०१बी ही याच तफावतीची पोर्टलवरून येणारी सूचना आली तर उत्तराला सातच दिवस असतात, आणि उत्तर किंवा भरणा झाला नाही तर पुढचं जीएसटीआर-१ अडतं. तिथे सल्लागाराची वाट बघण्यापेक्षा बिलं आपल्या हाताखाली असलेली बरी.

रिटर्न आजही तोच सल्लागार भरतो. माझं उत्तर टाकायच्या आधी मी त्याला वाचायला दिलं होतं, त्याचे पैसेही दिले. त्यानं एकच बदल सुचवला, व्याजाचे दिवस डीआरसी-०३ भरल्याच्या तारखेपर्यंत मोजा, मी नोटीसच्या तारखेपर्यंत मोजले होते. आता दर दिवाळीनंतर आम्ही दोघं मागच्या वर्षाचे बारा महिने समोरासमोर मांडून बघतो, ३० नोव्हेंबरच्या आत. यंदा एक महिना अडला होता, खताचं बिल, ५ टक्क्यांचं, कर ९०० रुपये.