पुळणीत आणि खाचरात एकच ड्रिप: सहा महिन्यांचा अनुभव

डिसेंबरात २० गुंठ्यांवर इनलाइन ठिबक टाकलं, आता मे उजाडलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार मालाची नाहीच. नळी चांगली आहे, उन्हात तडकली नाही, उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडली तेवढंच. चूक झाली ती अंतर आणि तास ठरवण्यात, आणि त्यात मीही दुकानदाराइतकाच भागीदार आहे.

जागा दापोली तालुक्यात, समुद्राच्या बाजूला. १० गुंठे सुरूच्या झाडांमागची पुळण, १० गुंठे वरच्या अंगाला भाताचं खाचर. भात कापल्यावर दोन्हीकडे कलिंगड. ओळींत २ मीटर, वेलांत ६० सेंटीमीटर. दुकानात विचारलं तर उत्तर तयार होतं, "सगळ्यांना साठ-चारच देतो हो." म्हणजे १६ मिमीची नळी, ६० सेंटीमीटरवर ड्रिपर, ताशी ४ लिटर. वेलाला एक ड्रिपर, हिशोब बरोबर वाटला. दोन्हीकडे ५००-५०० मीटर अंथरली आणि रोज दोन तास मोटर सुरू.

तीन आठवड्यांत पुळणीतले वेल दुपारी माना टाकायला लागले. मी काय केलं? दोनाचे तीन तास केले. वेल तसेच, वर पानं फिकी पडायला लागली. तिकडे खाचरात ड्रिपरखाली डबकी, सरीतून पाणी बांधापर्यंत, आणि वेल तिथेही पिवळे. एकच नळी, तेवढेच तास, एकीकडे तहान आणि एकीकडे बुडती. शेजारचे काका बांधावर उभे राहून म्हणाले, "वरून काय बघतोस, खणून बघ ना." आधी राग आला, मग फावडं आणलं.

ही खणण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळं त्यातूनच निघालं. ओळीच्या टोकाला जिथे वेल नव्हते तिथले तीन ड्रिपर निवडले. एकाखाली एक तास पाणी, दुसऱ्याखाली दोन, तिसऱ्याखाली तीन. वेळ झाली की त्या ड्रिपरखाली डबा लावायचा. पुळणीत चार तास थांबलो, कारण मोटर बंद झाल्यावरही पाणी काही वेळ खाली सरकत राहतं. खाचरात दुसऱ्या दिवशी सकाळी खणलं. ड्रिपरच्या बरोबर खालून उभा काप घ्यायचा, बाजूने नाही, नाहीतर रुंदी कमीच दिसते.

पुळणीत मोजपट्टी नंतर लावली, आकार आधीच दिसला. कोरडी वाळू आपोआप घसरून गेली आणि ओली तेवढी खांबासारखी उभी राहिली. एका तासाचा खांब ४० सेंटीमीटर रुंद, ४० खोल. दोन तासांचा जेमतेम ४५ रुंद, पण खोली साठाच्या वर. तीन तासांचा रुंदीला त्याहून फारसा वाढला नव्हता, खाली मात्र पहार घातली तर ८० पर्यंत ओल. जास्तीचे दोन तास सरळ खाली गेले होते. कलिंगडाची कामाची मुळं वरच्या ३०-४० सेंटीमीटरमध्ये, म्हणजे पाणी आणि सोबतचं १९:१९:१९ खत दोन्ही मी समुद्राला परत करत होतो. पानं फिकी का पडली ते तिथे कळलं. गंमत म्हणजे वर ओला डाग फक्त वीतभर. वाळूत वरचा डाग आतल्या ओलीपेक्षा लहान दिसतो, चिकणमातीत मोठा दिसतो. म्हणून रुंदी मोजायची ती वीतभर खाली.

आता हिशोब. ४० रुंद, ४० खोल खांब म्हणजे ३.१४ × २० × २० × ४०, साधारण ५० लिटर वाळू. तिच्यात ४ लिटर पाणी मुरलं होतं, म्हणजे १०० लिटर वाळूला ८ लिटर. वाळूसर जमीन साधारण तेवढंच धरते. त्यातलं सगळं वेलाला मिळत नाही. अर्धं संपलं की वेलाला ओढ बसायला लागते, म्हणून हाताशी २ लिटर. आणि लागतं किती? फेब्रुवारी-मार्चला मी बाष्पीभवन दिवसाला ५ मिमी धरतो, त्याचे ७० टक्के म्हणजे ३.५ मिमी. वेल पूर्ण पसरल्यावर एकाच्या वाट्याची जागा २ मीटर × ०.६ मीटर, म्हणजे १.२ चौरस मीटर. गुणाकार केला की दिवसाला ४.२ लिटर. तेवढ्या वेलाला मी २ लिटरचा तांब्या देऊन ठेवला होता, आणि तो एकदाच तीन तास धो धो भरत होतो.

तास वाढवून तांब्या मोठा होत नाही, नुसता उतू जातो. वाळूत तो मोठा करायचा तर ड्रिपर जवळ आणायला हवेत. पुळणीतली नळी काढली आणि ३० सेंटीमीटरवर ताशी २ लिटरची टाकली. ३०च का? २ लिटरच्या ड्रिपरचा सुटा तुकडा आणून तसंच खणलं, ओल ३५ रुंद निघाली. दोन ड्रिपरमधलं अंतर त्या रुंदीच्या ८० टक्क्यांपर्यंत असावं, म्हणजे ओली एकमेकींत शिरतात. ३५ चे ८० टक्के २८, बाजारात मिळते ३०. खांबांच्या जागी सलग पट्टा झाला. वेलाच्या वाट्याला ६० लांब, ३५ रुंद, ४० खोल, म्हणजे ८४ लिटर वाळू. त्यात पावणेसात लिटर पाणी, हाताशी ३.४. तरी ४.२ पुरे होत नाही, म्हणून दिवसातून दोन वेळा अर्धा-अर्धा तास, सकाळी सात आणि दुपारी एक. वेलाच्या वाट्याला दोन ड्रिपर, म्हणजे तासाला ४ लिटरच. तासांची बेरीज तीनवरून एकवर आली.

मोटर बदलावी लागेल का, असं भावाने विचारलं. नाही. ६० वर ४ लिटर काय आणि ३० वर २ लिटर काय, मीटरमागे प्रवाह तेवढाच, ताशी ६.६७ लिटर. मोटर तीच, सबमेन तीच, फक्त पाणी वाटलं जातं वेगळं.

वेल लहान असताना मात्र एवढं लागत नाही. पहिले तीन आठवडे दिवसाला १५-२० मिनिटं पुरतात, पानं भिडायला लागली तसा वेळ वाढवत न्यायचा. बी ड्रिपरपासून चार बोटांच्या आत हवं. पुळणीत त्यापलीकडे ओल वर येतच नाही, माझं निम्मं बी त्यामुळेच फुकट गेलं आणि दुबार टोकावं लागलं. नळी दुपारी तापून सापासारखी वाकते आणि ड्रिपर वेलापासून सरकतात, ती खुंट्यांनी धरून ठेवावी लागते. ३० वर हे सरकणं फारसं जाणवत नाही, हा वेगळा फायदा.

खाचराची कथा उलटी. तिथे दोन तासांनी वर ७० सेंटीमीटरचं डबकं, वीतभर खाली ओल ५५ रुंद, आणि गादीवाफ्याच्या माथ्यापासून ३० सेंटीमीटरवर ओल अचानक थांबलेली, सुरीने कापल्यासारखी. पहार मारली तर ठण्ण. हा चिखलणीचा थर. वर्षानुवर्षं भातासाठी चिखल तुडवला की नांगराच्या तासाखाली हा बसतोच. पाणी त्यावर भाकरीसारखं पसरतं, खाली जात नाही, आणि मुळं त्या पाण्यात गुदमरतात. पिवळेपणा पाण्याच्या कमतरतेचा नव्हता. रोज पाणी देऊन मी तो वाढवत होतो.

तिथे ६० चंच अंतर पुरतं, थरावर पसरताना ओली एकमेकींना लागतात. वेलाच्या वाट्याला ६० × ६० × ३०, म्हणजे १०८ लिटर माती. असला चिकण पोयटा १०० लिटरला साधारण १५ लिटर धरतो, म्हणजे १६ लिटर, हाताशी ८. रोजचे ४.२ धरले तर दोन दिवसांचा साठा. म्हणून एक दिवसाआड दोन तास. पण सलग दोन तास दिले की डबकं होतं, कारण ताशी ४ लिटर पिण्याइतकी ती माती चपळ नाही. म्हणून एक तास पाणी, एक तास बंद, पुन्हा एक तास. डबकी गेली. पुन्हा घेईन तर तिथे ६० वरच पण ताशी २ लिटरचे घेईन, सलग चार तास चालवीन आणि व्हॉल्व्हपाशी फेऱ्या वाचवीन.

आता २ लिटरच्या नळीचे दोष. भोक बारीक, आणि आमच्या विहिरीचं पाणी जांभ्यातून येतं. फेब्रुवारीत नळीच्या शेवटी तांबूस शेवाळासारखा गाळ निघायला लागला, लोहाचा. ४ लिटरच्या नळीत तोच गाळ सहज वाहून जायचा. तपासायची सोपी रीत अशी की ड्रिपरखाली ३ मिनिटं डबा धरा. २ लिटरचा असेल तर १०० मिली यायला हवं, ४ लिटरचा असेल तर २००. मी ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी बघतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेवटच्या ड्रिपरला ७० मिली भरलं. तेव्हापासून दर आठवड्याला एंड कॅप काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत नळी वाहू देतो आणि फिल्टरची जाळी दर दोन दिवसांनी धुतो. पुळणीत हे टाळून चालत नाही, तिथल्या वेलाकडे एका दुपारचीही शिल्लक नसते.

खत पुळणीत अर्ध्या तासाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत सोडतो आणि त्यानंतर पाच मिनिटं साधं पाणी, नळीतलं खत बाहेर पडण्यापुरतं. आधी सुरुवातीलाच सोडायचो, मागचं पाणी त्याला खाली ढकलून न्यायचं.

कलिंगडं मार्चअखेर संपली. खाचरातली मोठी झाली, पुळणीतली लहान पण गोड, दुबार टोकणीमुळे दहा-बारा दिवस मागे. त्यानंतर त्याच नळ्यांवर भेंडी लावली, तेव्हा एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. विहीर खाली गेली तसं पाणी मचूळ झालं. क्षार ओलीच्या कडेला जमतात. खाचरात ६० च्या नळीवर दोन ड्रिपरच्या मधोमध पांढरे पोपडे आले, म्हणजे थेट ओळीतच. पुळणीत ओल सलग असल्यामुळे पोपडे पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, मुळांपासून लांब.

याच आठवड्यात वळवाची पहिली सर येऊन गेली, जेमतेम जमीन भिजेल एवढी. असल्या सरीने कडेचं मीठ विरघळून मुळांकडे येतं. पाऊस आला म्हणून मोटर बंद करायला मुलगा निघाला होता, त्याला परत बोलावलं आणि खाचरातलं ठिबक पाऊस थांबेपर्यंत चालू ठेवलं. सकाळी भेंडीची पानं बघितली, कडा जळलेल्या नव्हत्या.