चेस्ट नंबर की वयाची दुरुस्ती: १४ वर्षांखालील निवड चाचणीत काय वापरावं?

शालेय स्पर्धांचा १४ वर्षांखालील गट १ जानेवारी या तारखेवर ठरतो. एकाच वर्षी जन्मलेली दोन मुलं, एक जानेवारीतलं आणि दुसरं डिसेंबरमधलं, कागदावर सारखीच धरली जातात. प्रत्यक्षात त्यांच्यात जवळपास बारा महिन्यांचं अंतर असतं, आणि तेराव्या वर्षी बारा महिन्यांत उंची, पायातली ताकद, मैदानावरचा सराव असं सगळंच बदलतं. निवड समितीला जी चपळाई दिसते, तिच्यातला काही वाटा फक्त आधी जन्मल्याचा असतो. यालाच सापेक्ष वय परिणाम म्हणतात. निवडलेल्या मुलाला पुढे जास्त सामने आणि जास्त शिकवणी मिळते, त्यामुळे सुरुवातीचं अंतर आपोआप वाढत जातं.

हा सगळा खेळ तारखेचा आहे हे बेल्जियमच्या फुटबॉलमध्ये स्पष्ट दिसलं. तिथे १९९७ मध्ये वयोगटाची तारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली. त्यानंतर युवा संघांतली ऑगस्टच्या आसपास जन्मलेल्या मुलांची गर्दी ओसरली आणि वर्षाच्या पहिल्या महिन्यांतली मुलं वाढली.

आता आपल्याकडचं पाहू. समजा लातूर किंवा धाराशिवच्या एखाद्या तालुक्यात खो-खोचा संघ निवडायचा आहे. साठ मुलं आली आहेत, तीन क्रीडाशिक्षक आहेत, हातात एक दुपार आहे. अशा वेळी दोन उपाय खरोखर वापरता येण्यासारखे आहेत.

पहिला उपाय चेस्ट नंबरचा. नाहीतरी चाचणीला नंबर लावतोच, फक्त ते नावनोंदणीच्या क्रमानं न लावता जन्मतारखेच्या क्रमानं लावायचे. नेदरलँड्समध्ये याचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. फुटबॉलच्या निवडकर्त्यांना लहान मुलांचे सामने दाखवले. एका गटाला वयाबद्दल काहीच सांगितलं नाही, दुसऱ्याला जन्मतारखांची यादी दिली, तिसऱ्याला सांगितलं की जर्सीचे नंबर वयाच्या क्रमानं आहेत. पहिल्या दोन्ही गटांनी मोठ्या मुलांनाच झुकतं माप दिलं. ते फक्त तिसऱ्या गटात नाहीसं झालं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट दुसऱ्या गटाची वाटते. तारखा हातात असूनही उपयोग झाला नाही, कारण मूल धावत असताना नजर कागदावर नसते. वय मुलाच्या छातीवरच दिसायला हवं.

आपल्या मैदानावर ऐन वेळी चार-पाच मुलं जादा येतात आणि क्रम बिघडतो. म्हणून नंबरातच महिना घाला. जानेवारीतल्या मुलांना १०१, १०२, नोव्हेंबरमधल्यांना ११०१, ११०२. जी मुलं एक वर्षानं लहान आहेत त्यांच्या नंबरची शाई वेगळी ठेवा. खर्च काहीच नाही. फक्त आदल्या दिवशी यादी लावायची आणि तिन्ही शिक्षकांना नंबराचा अर्थ सांगायचा.

दुसरा उपाय मोजून दुरुस्ती करण्याचा. ३० मीटर धाव, जागेवरून लांब उडी अशा चाचण्यांत आकडा मिळतो, आणि वयाचा त्या आकड्यावर किती परिणाम होतो हे जुन्या नोंदींतून काढता येतं. मागच्या दोन-तीन वर्षांच्या चाचण्यांना आलेल्या सगळ्या मुलांची नोंद घ्या. फक्त निवडलेल्यांची घेतली तर उत्तर चुकतं, कारण ती यादी आधीच गाळलेली असते. ब स्तंभात चाचणीच्या दिवशीचं वय महिन्यांत आणि क स्तंभात वेळ सेकंदांत भरली, की शीटमध्ये एका ओळीचं सूत्र पुरतं:

```
=SLOPE(C2:C181,B2:B181)
```

उदाहरणापुरतं धरू की उत्तर उणे ०.०२ आलं, म्हणजे वय एक महिन्यानं वाढलं की वेळ ०.०२ सेकंदानं कमी होते. जानेवारीतल्या मुलानं ५.०० सेकंद घेतले, नोव्हेंबरमधल्यानं ५.१६. साधी यादी लावली तर पहिला पुढे. पण दोघांत दहा महिन्यांचं अंतर आहे, म्हणजे ०.२० सेकंदाचं. ते वजा केलं की दुसऱ्याची वेळ ४.९६ होते आणि क्रम उलटतो.

हे गणित जितकं सुरेख दिसतं तितकं मैदानावर टिकत नाही. हातातल्या स्टॉपवॉचनं मोजताना ०.१ ते ०.२ सेकंदाची चूक सहज होते, म्हणजे दुरुस्तीइतकीच. त्यापेक्षा टेपनं मोजलेली लांब उडी भरवशाची. धाव घ्यायचीच असेल तर सगळ्यांना दोनदा पळवा आणि स्टॉपवॉच एकाच माणसाकडे ठेवा. शंभराच्या आत नोंदी असतील तर सूत्राच्या उत्तरावर विसंबू नका. शिवाय खो-खोत खेळाडूची समज, हुलकावणी, खो देण्याची वेळ यांचा आकडा निघत नाही. तिथे नजरच लागते, आणि नजरेसाठी चेस्ट नंबर आहे.

दोन्ही उपाय जन्मतारखेवर उभे आहेत, आणि इथेच मराठवाड्यातली अडचण येते. शाळेचं जनरल रजिस्टर उघडलं की १ जून ही तारीख नको तितकी दिसते. शाळेत नाव घालताना अंदाजानं टाकलेली ती तारीख असते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं मूल फडावर जन्मलं असेल, तर खरी नोंद दुसऱ्याच जिल्ह्यात असू शकते किंवा नसूही शकते. म्हणून निर्गम उताऱ्याऐवजी जन्म प्रमाणपत्र मागा. ज्यांचं नाही त्यांना क्रमात घुसवू नका, वेगळा कोरा नंबर द्या आणि त्यांच्या वेळेला दुरुस्ती लावू नका. आणखी एक धोका आहे. दुरुस्तीमुळे लहान वयाला थेट सेकंद मिळतात, त्यामुळे वय कमी दाखवण्याचा मोह वाढतो. नंबरांत तो मोह बराच कमी असतो.

शारीरिक वाढीनुसार गट पाडण्याचा तिसराही मार्ग आहे. इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादमी तो वापरतात. मुलाचं वय, उंची, वजन आणि आई-वडिलांची उंची यांवरून त्याची अंतिम उंची काढायची आणि त्यातली किती टक्के झाली ते पाहायचं. पण त्यामागची समीकरणं अमेरिकेतल्या मुलांवर बेतलेली आहेत, त्यामुळे निवडीसाठी मी ती वापरणार नाही. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी उंची भिंतीवर मोजून लिहून ठेवा. एखादा मुलगा वर्षाला आठ सेंटिमीटरच्या वेगानं वाढत असेल तर तो वाढीच्या लाटेत आहे. एखाद्याची ती लाट अजून आलेलीच नसेल, तर आज मागे पडला म्हणून त्याला सोडू नका. जानेवारीत जन्मलेलं मूलही उशिरा वाढणारं असू शकतं, आणि ते या दोन्ही उपायांच्या जाळ्यातून निसटतं.

तेव्हा निवड अशी करा. नोंदी नसतील तर या वर्षी फक्त चेस्ट नंबर, आणि आलेल्या प्रत्येक मुलाची लांब उडी लिहून ठेवायची. शंभरावर नोंदी जमल्या की लांब उडीला दुरुस्ती लावा, नजरेच्या गुणांना कधीच नाही. तिमाहीनुसार जागा राखून ठेवण्याचा विचार मात्र सोडा. बारा जणांच्या संघात त्यामुळे चांगलं मूल बाहेर राहतं आणि पालकांना कारणही पटत नाही.

उपाय लागू पडतोय का, हे एका वर्षाच्या बारा नावांवरून कळणार नाही. तीन वर्षांच्या निवड याद्या एकत्र करा, जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले किती ते मोजा, आणि त्याच शाळांच्या त्याच इयत्तेच्या रजिस्टरमध्ये त्या महिन्यांतली किती मुलं आहेत त्याच्याशी ताडून बघा. पाव हिस्सा धरून चालू नका, कारण १ जूनच्या तारखांमुळे रजिस्टर आधीच एका बाजूला कललेलं असतं. तुलना करण्याआधी दोन्ही याद्यांतून १ जूनवाले वगळा.